पन्नाशीनंतर नऊ दिवसांचा आठवडा

पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूची वही उघडली की बहुतेक वेळा एकच आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. सोमवारी ८ किलोमीटर, ५:५०. मंगळवारी ८ किलोमीटर, ५:४५. गुरुवारी १० किलोमीटर, पुन्हा ५:५०. रविवारी ग्रुपसोबत १६ किलोमीटर, ५:४०. किलोमीटरला पावणेसहा मिनिटांचा हा वेग ना धड सोपा, ना धड कठीण. त्यात धाप लागते, घाम निघतो, व्यायाम झाल्याचं समाधान मिळतं; पण शरीराला वेगाची सवय लागत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. मग कधीकाळी १ तास ५० मिनिटांत होणारी हाफ मॅरेथॉन १ तास ५६ मिनिटांवर जाते आणि ‘आता वय झालं’ असं म्हणून विषय संपतो.

वयाचा वाटा असतोच. बैठं आयुष्य जगणाऱ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते. जे जोमाने सराव चालू ठेवतात त्यांच्यात ही घट साधारण निम्म्यावर येते. या वाक्यातला ‘जोमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वयाबरोबर आधी आणि जास्त आक्रसतात ते स्नायूंमधले वेगाचे तंतू, आणि जे तंतू वापरले जात नाहीत ते अधिक लवकर आक्रसतात. म्हणजे पन्नाशीनंतर वेगवान सराव सोडून देणं हाच वेग गमावण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. अडचण एवढीच, की त्या वेगवान सरावानंतर सावरायला आता जास्त वेळ लागतो. पस्तिशीत मंगळवारच्या इंटरव्हलनंतर गुरुवारी पाय मोकळे असायचे; चोपन्नाव्या वर्षी शुक्रवार उजाडावा लागतो.

म्हणून पन्नाशीनंतर कठीण दिवसाची धार कमी करायची नाही, दोन कठीण दिवसांमधलं अंतर वाढवायचं. आणि त्या अंतरात जे सोपं धावायचं ते खरोखर सोपं ठेवायचं.

एक कठीण, एक सोपा ही पद्धत जगभर रुजवली ती अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी. त्यांचा एक शिष्य, केनी मूर, रोज भरपूर धावायचा आणि सतत थकलेला असायचा. बॉवरमननी त्याला सक्तीने सोप्या दिवसांवर आणलं, आणि काही आठवड्यांतच त्याने दोन मैलांत स्वतःची आधीची वेळ मोठ्या फरकाने मोडली. हाच मूर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये चौथा आला. विशीतल्या ऑलिंपिक दर्जाच्या मुलालाही सोप्या दिवसाची गरज होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे जो फ्रील या प्रशिक्षकाने २०१५ साली पन्नाशीनंतरच्या खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याच विचाराला वयाची जोड दिली: सात दिवसांचा आठवडा सोडा, नऊ दिवसांचा धरा, आणि प्रत्येक कठीण दिवसामागे दोन सोपे ठेवा.

हे चक्र प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, नागपुरातला ५४ वर्षांचा धावपटू आहे. वजन ६५ किलो, हाफ मॅरेथॉन १ तास ५० मिनिटांत. म्हणजे शर्यतीचा वेग किलोमीटरला ५:१३. त्याचे १० किलोमीटर साधारण ५० मिनिटांत आणि ५ किलोमीटर २४ मिनिटांत व्हायला हवेत. या आकड्यांवरून त्याचे तिन्ही कठीण दिवस ठरतात.

पहिला दिवस इंटरव्हलचा. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या सपाट, कमी रहदारीच्या रस्त्यावर आधी अडीच-तीन किलोमीटर सावकाश धावायचं. पन्नाशीनंतर इथे घाई केली की पोटरी हमखास धरते, म्हणून ही पंधरा-वीस मिनिटं वगळायची नाहीत. मग वीस-वीस सेकंदांच्या चार मोकळ्या धावा. त्यानंतर १ किलोमीटर पाच वेळा, प्रत्येकी ४:५० ते ४:५५ मिनिटांत, मध्ये तीन मिनिटं अगदी हळू जॉग. शेवटी दीड-दोन किलोमीटर शांतपणे.

दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती किंवा अर्धा तास चालणं. तिसऱ्या दिवशी ७ किलोमीटर, साडेसहा-पावणेसात मिनिटांच्या वेगाने.

चौथा दिवस शर्यतीच्या वेगाचा: ३ किलोमीटर तीन वेळा, प्रत्येक किलोमीटर ५:१३च्या आसपास, मध्ये तीन-चार मिनिटं जॉग. हा दिवस इंटरव्हलपेक्षा सोपा वाटतो आणि म्हणूनच त्यात चूक होते. पहिले ३ किलोमीटर छान गेले की माणूस पुढचे पाच मिनिटांनी काढतो. तसं करायचं नाही. इथे पायांना एकच लय शिकवायची असते. पाचवा दिवस विश्रांतीचा, सहावा पुन्हा सावकाश ७ किलोमीटरचा. सातव्या दिवशी लाँग रन, १८ किलोमीटर. त्यातले पहिले १५ सोप्या वेगाने आणि पाय साथ देत असतील तर शेवटचे तीन शर्यतीच्या वेगाने. आठवा विश्रांतीचा. नवव्या दिवशी ६ किलोमीटर हळू, शेवटी वीस सेकंदांच्या चार-सहा मोकळ्या धावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या इंटरव्हलला पाय जागे राहतात.

हिशेब केला तर २७ दिवसांत ९ कठीण दिवस होतात. आठवड्याला तीन कठीण दिवस करणाऱ्याचे २८ दिवसांत १२ होतात. तीन कमी झाले हे खरं, पण नऊच्या नऊ पूर्ण ताकदीने झाले तर ते त्या बारांहून मोलाचे ठरतात, कारण त्या बारांतले चार-पाच थकलेल्या पायांनी उरकलेले असतात.

नोकरदार माणसाला नऊ दिवसांचं चक्र झेपत नाही, कारण लाँग रन कधी मंगळवारी येतो तर कधी शुक्रवारी. त्याने सात दिवसच ठेवावेत, पण कठीण दिवस दोनच करावेत: बुधवार आणि रविवार. रविवारी लाँग रन; एका बुधवारी इंटरव्हल, पुढच्या बुधवारी शर्यतीचा वेग. मध्ये कधी तीन, कधी चार दिवसांचं अंतर पडतं. साठीकडे झुकलेल्यांना तर हाच आराखडा जास्त मानवतो.

आता सोप्या दिवसाबद्दल, कारण सगळी गडबड तिथेच होते. अंबाझरीच्या बाजूला किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर पहाटे धावणारे बहुतेक जण ग्रुपने धावतात. ग्रुपचा वेग त्यातल्या तरुणांचा असतो. पन्नाशीचा माणूस मागे पडायला तयार नसतो आणि साडेसहाने धावायचं ठरवून आलेला तो पाच पंचावन्नने परततो. वर सेमिनरी हिल्सचा चढ आला की कुणीतरी जोर लावतोच. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते दोन दिवसांनी, जेव्हा तिसरा इंटरव्हल ५:०५वर घसरतो. सोप्या दिवसाची साधी कसोटी म्हणजे धावताना पूर्ण वाक्य, न तोडता, एका दमात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. त्या दिवशी एकट्याने धावा, नाहीतर पत्नीबरोबर, मित्राबरोबर, कुणाही सावकाश जोडीदाराबरोबर धावा. आणि चढाचा रस्ता टाळा.

हातावरच्या घड्याळातल्या ठोक्यांचाही उपयोग होतो, पण थोडं जपून. २०८मधून वयाची ०.७ पट वजा केली की ढोबळ कमाल ठोके मिळतात; ५४व्या वर्षी ते १७० येतात. सोपं धावणं त्याच्या पाऊण पटीच्या आत, म्हणजे १२७च्या आसपास राहावं. पण हे सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याचा खरा आकडा दहाने इकडे-तिकडे असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात आणि घड्याळ फसवतं. अशांनी बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावं.

एड व्हिटलॉक हा कॅनडातला धावपटू या बाबतीत आठवतो. मिल्टन गावातल्या एका दफनभूमीच्या आतल्या रस्त्यावर तो रोज फेऱ्या मारत धावायचा, कधीकधी तीन-तीन तास, आणि पाहणाऱ्याला आश्चर्य वाटावं इतक्या हळू. वेगाचा सराव तो वेगळा करत नसे. वारंवार छोट्या शर्यती धावायचा आणि त्याच त्याचे कठीण दिवस असत. २००४ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरांटोत त्याने मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. त्याचं रोजचं अंतर कुणी अनुसरू नये, ते त्याच्या शरीराला झेपत होतं. घेण्यासारखी गोष्ट ही, की ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वेगाने मॅरेथॉन संपवणारा माणूस सरावात इतका हळू धावायला लाजत नव्हता.

आपल्याकडे पन्नाशीनंतरच्या धावण्याचा विषय निघाला की मिलिंद सोमणचं नाव येतं. ५१व्या वर्षी, २०१७ साली, त्याने फ्लोरिडात तीन दिवसांत ५०० किलोमीटरहून अधिक अंतराची अल्ट्रामॅन शर्यत पूर्ण केली. पोहणं, सायकल आणि शेवटच्या दिवशी ८४ किलोमीटर धावणं. कौतुकाची गोष्ट आहे. पण अंतर पार करणं आणि वेग टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पन्नाशीनंतर अंतर तुलनेने सहज वाढतं, म्हणूनच बरेच जण वेग सोडून अंतराच्या मागे लागतात. ज्याला हाफ पुन्हा १ तास ५० मध्ये आणायची आहे त्याने तूर्त अंतर वाढवण्याचा मोह आवरावा.

सावरण्याची प्रक्रिया स्वयंपाकघरात आणि अंथरुणात होते, त्यामुळे तिकडे वळू. वयाबरोबर स्नायू प्रथिनांना पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. तरुणाला एका वेळच्या जेवणात वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅम प्रथिनं पुरतात, तिथे वय वाढल्यावर ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतात. ६५ किलोच्या आपल्या धावपटूला एका वेळी २६ ग्रॅम. आता रविवारचा लाँग रन संपल्यावर नागपुरात काय होतं? तर्री पोहे. गरम पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, वर शेव आणि कांदा. ते सोडा असं कुणी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी नागपूरकर ऐकणार नाही. पण त्या प्लेटमध्ये प्रथिनं फार तर आठ-दहा ग्रॅम असतात, बाकी पिष्ट आणि तेल. त्याच तासाभरात दोन उकडलेली अंडी, पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे पोटात गेले की २६ ग्रॅमचा हिशेब जमतो. अंडी न खाणाऱ्याने ७०-८० ग्रॅम पनीर घ्यावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. दुपारी आणि रात्रीही इतकीच प्रथिनं हवीत. एका वाटी वरणात ती जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात.

झोपेचा प्रश्न जास्त अवघड आहे. पन्नाशीनंतर गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि रात्री एकदा-दोनदा जाग येते. पहाटे पाचला धावायचं तर रात्री साडेनऊला अंथरुणावर असायला हवं, आणि लग्नसराईत ते अशक्य. अशा वेळी उत्तर सोपं आहे: कठीण दिवस एक दिवस पुढे ढकला. रात्री साडेबाराला लग्नाहून परतून सकाळी इंटरव्हल करण्यात शौर्य नाही. नऊ दिवसांचं चक्र दहा दिवसांचं झालं तर काहीही बिघडत नाही. स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या काळात रात्रीचा घाम आणि अचानक अंग तापण्यामुळे झोपेचा त्रास अधिक असतो, शिवाय हाडांची घनता घटते. त्यांनी अंतर आणखी सैल ठेवावं, वजन उचलण्याचा व्यायाम मात्र सोडू नये. वेग टिकतो की नाही याची शंका असेल तर १९८४ची ऑलिंपिक मॅरेथॉन विजेती जोन बेनॉइट सॅम्युएल्सन २०१० साली ५३ वर्षांची असताना शिकागोत २ तास ४७ मिनिटांत धावली, हे पाहावं.

वजनाचा व्यायाम कधी करायचा, यावर बऱ्याच जणांचा घोळ होतो. धावायला सुटी म्हणून विश्रांतीच्या दिवशी जिम गाठली जाते आणि विश्रांती संपते. तो व्यायाम कठीण दिवशीच, सकाळच्या धावण्यानंतर संध्याकाळी करावा, म्हणजे सोपे दिवस मोकळे राहतात. पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, सावकाश, बारा-पंधरा वेळा असे तीन फेरे; मग स्क्वॉट आणि हातात वजन घेऊन पायरी चढणं. पन्नाशीच्या पुरुष धावपटूंना सर्वाधिक त्रास पोटरी आणि टाचेमागच्या शिरेचा होतो, म्हणून टाचेचा व्यायाम सर्वांत आधी.

शरीर सावरलं की नाही हे कसं ओळखायचं? सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच, नाडीचे ठोके मोजून वहीत लिहा. आठ-दहा दिवसांत नेहमीचा आकडा कळतो. तो सलग दोन दिवस पाच-सातने वर असेल तर कठीण दिवस पुढे ढकलायचा. दुसरी खूण म्हणजे जिन्याची पहिली पायरी उतरताना टाचेमागे किंवा मांडीत ओढ लागणं. तिसरी खूण फसवी आहे: जोर लावूनही ठोके वर चढतच नाहीत आणि पाय शिशासारखे वाटतात. पुष्कळांना वाटतं की ठोके कमी म्हणजे तब्येत उत्तम. साठलेल्या थकव्यातही असंच होतं. इंटरव्हलमध्ये तर नियम सरळ ठेवावा: एखादा किलोमीटर तेवढाच जोर लावून ५:००च्या पुढे गेला तर तिथेच थांबून घरी जायचं. उरलेले रेटून पूर्ण केल्याने काही मिळत नाही, फक्त पुढचे तीन दिवस जातात.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्या गणितात वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या पलीकडे जातो आणि पहाटेही २८-३० अंश असतात. त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं. वय वाढलं की घाम उशिरा येतो आणि तहानही कमी जाणवते. एप्रिल ते जून या काळात १ किलोमीटरच्या फेऱ्या सोडून ४०० मीटरच्या सहा-आठ फेऱ्या कराव्यात, मध्ये भरपूर विश्रांती घेऊन. लाँग रन १२ किलोमीटरवर आणावा. उन्हाळ्यात वेग जपायचा, वाढवायचा नाही. आणि दुखतंय म्हणून धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय या शहरात विशेष घातक. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते.

इंटरव्हल नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकाने आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा आणि स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारावं. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. धावताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर ती अपचनाच्या खात्यावर टाकू नये. थांबावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

शर्यतीआधीच्या शेवटच्या नऊ दिवसांत अंतर निम्म्यावर आणावं, वेग मात्र तोच ठेवावा: पाच ऐवजी दोन किलोमीटर, पण ४:५५नेच. शर्यतीनंतर किती थांबायचं याचं उत्तर न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टरकडे होतं. १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ४१व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ११ मिनिटांत धावून रौप्यपदक मिळवलं. शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस, असा त्याचा नियम. हाफ मॅरेथॉनचे १३ मैल, म्हणजे १३ दिवस एकही कठीण सराव नाही.

विदर्भातून दरवर्षी अनेक जण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनला जातात. माहीमहून निघणारी हाफ सी लिंकवरून जाते आणि पाय थकल्यावर पेडर रोडचा चढ समोर येतो. त्या रविवारपासून मागे नऊ दिवसांची बारा चक्रं मोजली की १०८ दिवस होतात आणि तारीख सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडते. त्या १०८ दिवसांत कठीण दिवस ३६ आणि सोपे ७२. मध्ये दिवाळी येते, लग्नं येतात, एखादा सर्दी-ताप येतो. वही घेऊन बसाल तेव्हा आधी ते ७२ सोपे दिवस लिहा आणि मग कठीण दिवसांना जागा द्या.